समस्त गिऱ्हाइकांस कळविण्यास आनंद होतो की

‘आमचे येथे श्रीकृपेकरून, आमच्या सर्व जुन्या व सन्माननीय गिऱ्हाइकांस कळविण्यास आनंद होतो की, येत्या सणासुदीनिमित्त शुद्ध नैसर्गिक अत्तरांचा नवीन साठा दाखल झाला आहे. गुलाब, मोगरा, केवडा, कस्तुरी, मिट्टी. शंभर टक्के फुलांपासून. ताजा माल. अस्सल चंदन तेलात. सहा मिलीची बाटली फक्त १२० रुपये. तरी सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे. उधारी बंद आहे.’

श्रावणातल्या एका सोमवारी ही नोटीस वीर स्टेशनच्या रस्त्यावरच्या आमच्या किराणा दुकानात, नारळांच्या पोत्यावर आणि अगरबत्त्यांच्या खाली, दोरीला चिमट्याने अडकवलेली दिसली. शेठनी आयुष्यात याआधी एकदाच मजकूर छापून घेतला होता, तो थोरल्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा. तोच साचा हाताशी असल्यामुळे अत्तराच्या नोटिशीत श्रीकृपा आणि सहपरिवार येऊन बसले. ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’ हे वाक्य तेवढं त्यांनी विचारपूर्वक गाळलं होतं. अनुभवी माणूस. आमची उधारी तेवीस पानांची आहे.

वीरच्या माणसाला कुठलीही नवी गोष्ट सुखासुखी पचत नाही, याला इतिहास आहे. १९९३ च्या जूनमध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा उत्तरेकडचा टप्पा सुरू झाला आणि पुढची दोन वर्षं रेल्वे आमच्याकडे येऊन थांबत होती. पुढे रूळच नव्हते. त्यामुळे मुंबईहून जे काही येईल ते आपल्यापाशी येऊन संपणार, तेव्हा त्याची नीट तपासणी करणं आपलंच काम, अशी गावाची एक समजूत झाली. पुढे गाडी खेडला गेली, रत्नागिरीला गेली, पार मंगळूरला गेली. समजूत मात्र वीरलाच उतरली.

पहिला आक्षेप गुरुजींनी घेतला. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हातात कागद आला की अजूनही खिशातलं लाल पेन आपोआप वर येतं.

“शेठ, शंभर टक्के फुलांपासून म्हणता. कस्तुरीचं फूल कुठल्या झाडाला येतं?”

शेठ म्हणाले, “वरून आलेला मजकूर आहे, गुरुजी.” वरून म्हणजे मुंबईहून. सुटकेसमध्ये बाटल्या मांडून आलेल्या एजंटाकडून.

“आणि मिट्टी? मातीलाही फुलं येतात का?”

गुरुजींनी ‘शंभर टक्के’च्या खाली रेघ मारली आणि बाजूला दोन गुण कापले. कशातले दोन, ते कुणी विचारलं नाही.

आता कस्तुरीचं म्हणाल तर प्रकरण गंभीर होतं. खरी कस्तुरी म्हणजे हिमालयातल्या नर कस्तुरीमृगाच्या पोटाखालच्या ग्रंथीतला ऐवज. हा मृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे बाटलीत खरी कस्तुरी असली तर शेठ आत, आणि नसली तर नोटीस खोटी. दोन्ही बाजूंनी पंचाईत. गुरुजींनी हे समजावून सांगितल्यावर शेठनी लगबगीने जाहीर केलं की आपली कस्तुरी पूर्णपणे खोटी आहे, शंभर टक्के खोटी आहे, आणि हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आपला माल बनावट असल्याची एवढ्या उत्साहाने ग्वाही देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यातही एक बारीक पळवाट आहे. कस्तुरी भेंडी नावाची भेंडीची एक बहीण असते, तिच्या बियांना कस्तुरीसारखा मंद वास येतो आणि त्यापासून रीतसर तेल काढतात. पण ते काही १२० रुपयांत बाटली भरून मिळत नाही. बाजारातली बहुतेक कस्तुरी ही प्रयोगशाळेतली असते, आणि तिची जन्मकथा मृगापेक्षा सरस आहे. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ टीएनटीसारखी स्फोटकं सुधारण्याच्या खटपटीत होता. स्फोट काही म्हणावा तसा होईना, पण भांड्यातून कस्तुरीचा वास यायला लागला. त्याने सुरुंगाचा नाद सोडला आणि सुगंधाचा धंदा धरला. आमच्याकडे महामार्गाच्या चौपदरीकरणात इतके सुरुंग उडाले, पण एकातूनही कस्तुरीचा वास आला नाही. नुसती धूळ आली.

नैसर्गिक अत्तर काढतात तरी कसं, हा प्रश्न मग ओघाने आलाच. शेठना एजंटाने कनौजची एक घडीपत्रिका दिली होती. उत्तर प्रदेशातलं कनौज म्हणजे अत्तराचं पंढरपूर. तिथल्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शेठ चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. तांब्याचं एक मोठं हंडं असतं, त्याला ‘देग’ म्हणतात. त्यात फुलं आणि पाणी घालतात. वर झाकण ठेवून सांध माती आणि कापसाने लिंपून टाकतात, म्हणजे वाफ कुठून सुटायला नको. झाकणातून बांबूची नळी निघते, तिला दोरी गुंडाळलेली असते. नळीचं दुसरं टोक ‘भपका’ नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जातं आणि हा भपका थंड पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. खाली लाकडं आणि गोवऱ्यांचा मंद जाळ...

“थांबा,” मागून आवाज आला. निवृत्त हवालदार मघापासून पानाला चुना लावत उभे होते. “हंडं, मातीनं लिंपलेलं झाकण, नळी, थंड पाण्याचा हौद आणि खाली मंद जाळ. शेठ, या वर्णनावर मी तीस वर्षं पंचनामे केलेत. फक्त आतला माल गुळाचा असायचा.”

ही ओळख पटल्याबरोबर दुकानातल्या सगळ्यांना अत्तराचं शास्त्र एकदम सोपं झालं. ज्या विषयात गावाचा थोडाफार पूर्वानुभव असतो तो शिकवायला सोपा जातो, हे गुरुजींनीही मान्य केलं. हवालदारांनी तर पुढचा भाग न वाचताच सांगितला. जाळ जास्त झाला की माल करपतो, हौदातलं पाणी गरम झालं की वाफ नुसतीच निसटते, म्हणून पाणी बदलत राहायचं आणि नळीला हात लावून अंदाज घ्यायचा. घडीपत्रिकेतही हेच लिहिलेलं होतं. कनौजचा कारागीरसुद्धा थर्मामीटर वापरत नाही. आतल्या उकळीचा आवाज ऐकून आणि भांड्याला हात लावून तो जाळ कमी-जास्त करतो.

फरक एकाच ठिकाणी होता आणि तो महत्त्वाचा होता. हातभट्टीत पलीकडचं भांडं रिकामं असतं. अत्तराच्या भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. फुलांची वाफ आत आली की थंड होते, तिच्यातला सुगंध चंदनात मुरतो आणि पाणी खाली राहतं. पाच-सहा तासांनी भट्टी थांबवतात, ते पाणी काढून परत देगेत घालतात, आणि दुसऱ्या दिवशी ताजी फुलं घेऊन तेच चंदन पुन्हा भपक्यात. असं पंधरा-पंधरा दिवस चालतं. तेवढ्यावर चंदनाचं समाधान झालं तर ते अत्तर. पूर्वी त्यात राहिलेला पाण्याचा अंश घालवायला ते उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून उन्हात ठेवत. चामड्यातून पाणी निघून जाई, तेल आत राही.

“म्हणजे आमच्या गुन्ह्यात एका रात्रीत माल तयार,” हवालदार म्हणाले, “आणि यांच्या धर्मकार्याला पंधरवडा.”

आता हिशेब आला, आणि हिशेब आला की गुरुजी आले. त्यांनी अगरबत्तीचं रिकामं पुडकं उलगडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. गुलाबाचं निव्वळ तेल एक किलो काढायला सुमारे चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे ग्रॅमला चार किलो. शेठच्या बाटलीत जर निव्वळ गुलाब असेल, तर एका बाटलीला वीस किलो पाकळ्या. पन्नास रुपये किलोने धरल्या तरी हजार रुपयांची नुसती फुलं. सणात हार घेताना शेजारचा फुलवाला पन्नास रुपयांत काय देतो हे ज्याला माहीत आहे, त्याने पुढचं गणित करू नये.

“पण गुरुजी,” शेठ म्हणाले, “निव्वळ गुलाब नाहीच म्हणत मी. चंदनाच्या तेलात गुलाब. तुम्हीच आता ऐकलंत.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. “मग गुलाब आपण फुकट धरू. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं. लाखच धरा. ग्रॅमला शंभर रुपये. सहा मिली म्हणजे सहा ग्रॅमला जरा कमी. पावणेसहाशे रुपयांचं झालं नुसतं तेल. त्यात गुलाब घातला नाही, बाटली घातली नाही, झाकण घातलं नाही, एजंटाचं रेल्वेचं तिकीट घातलं नाही. तुम्ही विकता १२० ला. शेठ, तुम्ही दानधर्म करताय की आम्हाला शिकवताय?”

शेठ बराच वेळ पुडक्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “तरीच तो डझनावर दोन बाटल्या फुकट देत होता.”

खरं तर ग्राहकाला एवढं एकच गणित पुरतं. प्रयोगशाळा नको, नाक नको. चंदनाच्या आधारावरचं अत्तर चंदनाच्या भावाखाली कुणी देऊ शकत नाही. त्याखाली जो भाव असेल त्यात दुसरं काहीतरी आहे, हे बाटली न उघडता सांगता येतं. आता ते दुसरं काय, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर संध्याकाळच्या पाळीहून परतणाऱ्या पोराने दिलं.

हा पोरगा महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आमच्या भागात प्रत्येक आळीत असा एकेक सापडतो. महाड एमआयडीसी रसायनांची, त्यामुळे वासाच्या बाबतीत तालुक्याचं शिक्षण उच्च दर्जाचं आहे. वाऱ्याची दिशा बदलली की ‘आज कुठला प्लँट चालू आहे’ हे म्हातारी माणसंही सांगतात. पोराने गुलाबाची बाटली उघडली, नाकाशी धरली आणि शेठकडे पाण्याचा पेला मागितला. स्टीलचा नको, काचेचा.

गुलाबाचा एक थेंब त्याने पाण्यात सोडला. थेंब गोळी होऊन सरळ तळाला गेला आणि तिथे जाऊन बसला.

“डीईपी,” पोरगा म्हणाला. “डायइथाइल थॅलेट. पाण्यापेक्षा जड असतं. आमच्याकडे ड्रमनं येतं. चंदन असतं तर तरंगलं असतं.”

दुसऱ्या पेल्यात मोगरा सोडला. तो पाण्यात पसरला, पाणी किंचित दुधाळ झालं आणि थेंब नाहीसा झाला. हे ग्लायकॉल. ते पाण्यात विरघळतं आणि त्यातला वास बिचारा धुक्यासारखा उघडा पडतो. तिसऱ्यात केवडा. हा छान तरंगला. शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

“बघा! हा चंदनातला.”

“किंवा पॅराफिनमधला,” पोरगा म्हणाला. “तेही तरंगतं. खोबरेलही तरंगतं, घासलेटही. तरंगलं म्हणून खरं असं होत नाही, शेठ. बुडलं तर खोटं, एवढंच बहुतेक वेळा म्हणता येतं.” मग त्याने जुन्या पंचांगाच्या पानावर केवड्याचा थेंब टाकला आणि पान चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. दोन दिवसांनी वास पूर्ण गेला होता, पण प्रतिपदा ते पंचमी एवढा तेलकट डाग तसाच होता आणि पलीकडचे राहूकाळ आरपार वाचता येत होते. वास उडून गेला आणि तेल मागे राहिलं, म्हणजे पॅराफिनची दाट शक्यता. तरी पोरगा इमानदार. त्याने सांगितलं की चंदनही हळू उडतं, थोडा डाग त्याचाही राहतो. पक्कं ठरवायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते. कनौजला १९९१ पासून सरकारी सुगंध व सुरस विकास केंद्र आहे, तिथे नमुने तपासतात. शेठनी तपासणीची फी किती पडेल ते विचारलं नाही. सगळा साठाच बाराशे रुपयांचा होता.

शेठनी एजंटाला फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण अर्धं गाव ऐकायला उभं होतं. एजंट म्हणाला, “शेठ, नॅचरल म्हणजे वास नॅचरल आहे. माल नॅचरल आहे असं मी कधी म्हणालो?” एवढं बोलून तो बोगद्यात शिरला. कोकण रेल्वेवर ही एक मोठी सोय आहे.

पण सगळ्यात मोठी पंचाईत केवड्याने केली. गणपती तोंडावर आलेले, आणि केवडा म्हणजे हरतालिकेला आणि गौरीला हवाच. कोपऱ्यावरच्या वहिनी आल्या त्या थेट म्हणाल्या, “भावोजी, केवड्याची एक बाटली द्या. दोन थेंब मोदकाच्या सारणात घालीन म्हणते.”

लॅबवाला पोरगा उडालाच. “वहिनी, नका हो! हे अंगाला लावायचं. खाण्याचा केवडा वेगळा येतो, केवडाजल म्हणून, त्याच्यावर खाद्यपदार्थाचा परवाना नंबर छापलेला असतो. यातलं तेल पोटात जाता कामा नये.”

“अगो बाई! मग मागच्या वर्षी दिवाळीत बासुंदीत...” वहिनी मध्येच थांबल्या. त्या बासुंदीला निमंत्रण असलेली चार माणसं दुकानात उभी होती. हवालदारांनी नकळत पोटावर हात ठेवला.

केवड्याची गोष्ट मुळात जुनी आहे. ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली म्हणून शंकराने केतकीला आपल्या पूजेतून कायमचं बाद केलं, असं पुराण सांगतं. इतक्या युगांनीही फुलाची सवय गेलेली नाही. ओडिशात गंजाम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर केवड्याची बनं आहेत. नर झाडांची कणसं पहाटे कापतात आणि देगेत घालून रीतसर ऊर्ध्वपातन करतात. त्या तेलाचं पृथक्करण केलं तर निम्म्याहून खूप जास्त भाग एकाच रसायनाचा निघतो, त्याचं नाव फेनिलइथाइल मिथाइल ईथर. आणि हे रसायन कारखान्यात स्वस्तात बनतं. त्यामुळे गुलाबाची नक्कल करायला जिथे डझनावारी रसायनं जमवावी लागतात, तिथे केवड्याचं एकच आणून ओतलं की काम बऱ्यापैकी भागतं. नाकाला पटकन फरक कळत नाही, कारण मुख्य रेणू खराच तोच असतो. खोटी साक्ष देण्यासाठी एवढा सोपा साक्षीदार दुसरा सापडायचा नाही.

“मग महादेवानं बरोबरच ओळखला होता,” वहिनी म्हणाल्या, आणि चार आण्याचा कापूर घ्यावा तशा तोऱ्यात खाण्याचं केवडाजल आहे का विचारलं. नव्हतं.

चाचा आले ते नेहमीप्रमाणे शेवटी. चाचा दासगावकडचे. कुवेतला वीस-बावीस वर्षं नोकरी करून आलेले. तालुक्यात रोज अत्तर लावणारा माणूस म्हणून त्यांचंच नाव घ्यावं लागेल. बाकीचे आम्ही हळदीकुंकवाच्या अत्तरदाणीवर आणि लग्नातल्या गुलाबपाण्याच्या शिंतोड्यावर वाढलेले. त्यांनी पेले बघितले, पंचांगाचं पान बघितलं, गुरुजींचं पुडकं वाचलं.

“इतकं कशाला केलंत?” ते म्हणाले. “लावायचं आणि गप्प बसायचं.”

त्यांची परीक्षा अशी. एक थेंब डाव्या मनगटाला. चोळायचं नाही, चोळल्याने वास घाबरतो. (हे त्यांचं शास्त्र, लॅबवाल्याने त्यावर मत दिलं नाही.) लावल्या लावल्या नाकाला न्यायचं नाही. एकदा पाच मिनिटांनी, एकदा तासाने, एकदा रात्री झोपताना हुंगायचं. खऱ्या अत्तरात हलके वास आधी उडतात, जड मागे राहतात, म्हणून तीन वेळेला तीन वेगळे वास येतात आणि शेवटी अंगावर चंदन उरतं. स्वस्त मालाचा वास पहिल्या मिनिटाला दुकानभर ओरडतो आणि तासाने कुठे गेला ते कळत नाही. नाहीतर सकाळपर्यंत जसाच्या तसा एका सुरात चालू राहतो.

“आणि ताजा माल काय लिहिलंत?” चाचा हसले. “ही काय कोथिंबीर आहे? अत्तर जितकं मुरेल तितकं चांगलं. आणि गुलाबाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. गणपतीत ताजा गुलाब कुठून आणलात?”

गुरुजींनी ‘ताजा माल’वर काट मारली. आता नोटिशीत श्रीकृपेशिवाय फारसं काही उरलं नव्हतं.

तरी एक उरलं होतं, मिट्टी. हे अत्तर थोतांड नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. कनौजला उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, कोरडी माती भाजून तिचे तुकडे देगेत घालतात आणि वाफ चंदनात मुरवतात. पहिल्या पावसाचा वास बाटलीत येतो. १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी या वासावर ‘नेचर’मध्ये निबंध लिहिला, त्याला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं, आणि उत्तर प्रदेशातले लोक हा वास कधीचा चंदनात धरून विकतात, हेही त्यात नोंदवलं. मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्या मृद्गंधातला मोठा वाटा त्याचा. माणसाचं नाक इतर वासांना दाद देत नसेल, पण याचा लवलेशही ओळखतं.

माल उत्तम. विक्रीचं ठिकाण चुकलं. महाड तालुक्यात, श्रावणात, मातीचा वास विकायला काढायचा? इथे जूनपासून घोंगडीला तोच वास, उशीला तोच वास, शाळेच्या दप्तराला तोच वास. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा लोकांनी हाच वास फावड्याने उपसून काढला. गिऱ्हाईक बाटली हुंगायचं, दाराबाहेर बघायचं आणि शेठकडे बघायचं. एका आजींनी तर सरळ विचारलं, “बाळा, चिखलाचं पैसे?”

मिट्टीच्या बाटल्या मात्र खपल्या. पण त्या घेतल्या चाकरमान्यांनी. गणपतीच्या गाड्या सुरू झाल्या, वीरला माणसं उतरायला लागली, रिक्षा महाडकडे, बिरवाडीकडे, पोलादपूरकडे भरून जायला लागल्या, आणि डोंबिवली-दिव्याची मंडळी दुकानात घुसून विचारायला लागली, “गावच्या मातीचं अत्तर आहे म्हणे?” शेठनी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी सांगितलं, “गावच्या नाही, कनौजच्या. आणि तिथलीही बहुधा नाही.” तरी घेतल्या. परत जाताना बॅगेत टाकल्या. ज्याच्या अंगणात माती उरली नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तोवर नवी नोटीस लागली होती. ती शेठनी स्वतः लिहिली आणि ती मला पूर्ण पाठ आहे, कारण अशी जाहिरात मी दुसरी वाचलेली नाही:

‘सर्व गिऱ्हाइकांस कळविण्यात येते की, दुकानातील अत्तरे ही वासाची तेले आहेत. वास कारखान्यातला आहे, पण बरा आहे. आत चंदन नाही. कस्तुरीत कस्तुरी नाही, ही कायद्याने चांगलीच गोष्ट आहे. कृपया खाऊ नये. मुलांच्या अंगाला लावू नये. पांढऱ्या कपड्यावर डाग पडल्यास दुकान जबाबदार नाही. वाळ्याचे खरे अत्तर चाचांच्या ओळखीने एक तोळा आणले आहे. त्याचा भाव विचारून घाबरू नये. बाकी बाटल्यांचा भाव तोच, १२० रुपये. खरे बोलल्याबद्दल सूट नाही. उधारी बंद आहे.’

लोकांनी ती वाचली, आणि गंमत म्हणजे बाटल्या पहिल्यापेक्षा जास्त गेल्या. गुलाब लग्न ठरलेल्या पोरांनी नेला, मोगरा नवरात्रासाठी बायकांनी नेला. हवालदारांनी कस्तुरी घेतली आणि पावती मागितली, त्यावर ‘खोटी’ असं लिहून घेतलं. फसवलं जाण्याची भीती गेल्यावर १२० रुपये जास्त वाटत नाहीत. वाळ्याच्या तोळ्यातला अर्धा चाचांनीच घेतला. उरलेला अर्धा शेठनी स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवला, आणि तो विकायचा आहे असं आता ते म्हणत नाहीत.

एवढं होऊनही दिवाळीनंतर हिशेब केला तेव्हा नफा दिसेना. बाटल्या गेल्या होत्या, पैसे आले होते, तरी जमाखर्च बसेना. शेवटी शोध लागला. काउंटरवर ‘नमुना’ म्हणून पाच उघड्या बाटल्या ठेवलेल्या होत्या, प्रत्येक जातीची एक. सकाळच्या गाडीला जाणारा प्रत्येक माणूस जाता जाता मनगट लावून जायचा. एसटीचे कंडक्टर लावायचे, पोस्टमन लावायचा, लग्नाला निघालेलं अख्खं वऱ्हाड एकदा रांगेत लावून गेलं. चाचांची परीक्षा तर सगळ्यांनीच मनावर घेतली होती. पाच मिनिटांनी एकदा, तासाने एकदा आणि रात्री झोपताना एकदा हुंगायचं, म्हणजे दिवसातून तीनदा दुकानात येणं भागच होतं. पाचही बाटल्या कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या.

शेठनी उधारीची वही काढली, चोविसावं पान उघडलं आणि खातं घातलं: ‘समस्त ग्रामस्थ, वीर. अत्तर, नमुना, पाच बाटल्या. येणे रुपये ६००.’ गुरुजींनी पेन काढून बेरीज तपासली. बरोबर आहे म्हणाले, आणि मोगऱ्याची नवी बाटली नमुन्याला कधी उघडणार, ते विचारलं.